मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट: डिप्लोमाच्या परीक्षेआधीचे चार आठवडे

दर सेमिस्टरला परीक्षा जवळ आली की मुलं वही घेऊन माझ्याकडे येतात आणि एकच वाक्य बोलतात, "मॅडम, इन्व्हर्स जमत नाही." मी वही उघडून बघते तर इन्व्हर्सची पद्धत बरोबर असते. चुकलेलं असतं ते एखादं चिन्ह, तेही वर तिसऱ्या-चौथ्या ओळीत, आणि तिथून पुढचं पानभर काम त्या एका चिन्हापायी वाया गेलेलं असतं. मग उपाय म्हणून मुलं आणखी दहा इन्व्हर्स सोडवतात आणि तीच चूक दहा वेळा करतात.

म्हणून या चार आठवड्यांत दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत. पहिली म्हणजे क्रम: आधी गुणाकार, मग डिटर्मिनंट, मग कोफॅक्टर आणि इन्व्हर्स, आणि शेवटी मॅट्रिक्सने समीकरणं सोडवणं. दुसरी गोष्ट, प्रत्येक टप्प्यावर उत्तर स्वतः तपासायची सवय. गुणाकार सगळ्यात आधी घेतला आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरं तपासायचं हत्यार तोच आहे.

एमएसबीटीईच्या पहिल्या सेमिस्टरचा बेसिक मॅथेमॅटिक्सचा पेपर डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. पेपर ७० गुणांचा, वेळ ३ तास, प्रश्न २, ४ आणि ६ गुणांचे. म्हणजे एका गुणाला जेमतेम अडीच मिनिटं मिळतात. ४ गुणांच्या गणिताला १० मिनिटं आणि ६ गुणांच्या गणिताला १५. हे आकडे चौथ्या आठवड्यात लागतील. त्याआधी घड्याळाकडे बघू नका.

## सुरुवातीआधी: एका संध्याकाळची तयारी

१. गेल्या चार-पाच परीक्षांचे पेपर मिळवा. त्यातले मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंटचे प्रश्न चार पानांवर वेगवेगळे उतरवून घ्या: बेरीज-गुणाकाराचे, डिटर्मिनंट आणि क्रेमर्स रूलचे, ॲडजॉइंट-इन्व्हर्सचे, आणि मॅट्रिक्स इन्व्हर्जनने समीकरणं सोडवायचे. प्रत्येक आठवड्याचा सराव त्या त्या पानावरूनच करायचा.

२. एक छोटी वही फक्त चुकांसाठी ठेवा. गणित चुकलं की पूर्ण गणित उतरवत बसू नका. चूक नेमकी कशाची होती तेवढंच एका ओळीत लिहा: चिन्ह, उतरवताना बदललेला आकडा, चुकीच्या जागी गेलेला कोफॅक्टर, राहून गेलेला ट्रान्सपोज. आठवड्याअखेरीस ही वही वाचली की तुमची ठरलेली चूक कोणती ते कळतं. बहुतेकांची एक किंवा दोनच असतात.

३. खालची तीन समीकरणं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उत्तर आधीच सांगते: `x = 1, y = 2, z = 3`. हेच गणित आपण चारही आठवडे वापरणार आहोत. उत्तर माहीत असल्यामुळे नेमकं कुठे घसरलो ते लगेच दिसेल.

```
 x +  y + z = 6
2x -  y + z = 3
 x + 2y - z = 2
```

रोज ४५ ते ५० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस पुरेत. सहाव्या दिवशी अर्ध्या तासाची चाचणी, सातवा दिवस दुसऱ्या विषयांना.

## टप्पा १ (पहिला आठवडा): गुणाकार हातात बसवा

बेरीज, वजाबाकी आणि एखाद्या संख्येने गुणणं यावर एकच दिवस घालवा. ते सगळ्यांना येतं. उरलेले चार दिवस मॅट्रिक्सच्या गुणाकारावर द्या.

गुणाकाराआधी दोन्ही मॅट्रिक्सची ऑर्डर शेजारी शेजारी लिहायची: `2×3` आणि `3×2`. आतले दोन आकडे जुळले तर गुणाकार होतो, बाहेरचे दोन आकडे उत्तराची ऑर्डर सांगतात. ती ऑर्डर कळली की उत्तराची रिकामी चौकट आधी आखून घ्या आणि मगच आकडे भरायला लागा. चौकट न आखता सुरुवात केली की एखादा घटक राहून जातो किंवा ओळीत एक जास्तीचा येतो. डाव्या मॅट्रिक्सच्या रोवर डाव्या हाताचं बोट, उजव्या मॅट्रिक्सच्या कॉलमवर पेनाचं टोक, दोन्ही एकाच वेळी सरकवायचं. आठवडाभर हे करा, मग बोट आपोआप सुटतं.

पेपरात नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे `A² − 5A − 2I` शून्य मॅट्रिक्स येतं हे दाखवा.

```
A = | 1  2 |      A² = |  7  10 |
    | 3  4 |           | 15  22 |

A² - 5A = | 2  0 |  = 2I
          | 0  2 |
```

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, `A²` म्हणजे प्रत्येक घटकाचा वर्ग असं धरून 1, 4, 9, 16 लिहिणं. `A²` म्हणजे `A` गुणिले `A`, पूर्ण रो-कॉलम गुणाकार. दुसरी चूक शेवटच्या पदाची. `−2I` मधला `I` विसरून चारही घटकांतून 2 वजा केले जातात. वजा फक्त कर्णावरच्या घटकांतून करायचे असतात.

> सावधान: `AB` आणि `BA` साधारणपणे वेगळे येतात. `(AB)` चा ट्रान्सपोज घेताना क्रम उलटतो: `(AB)ᵀ = BᵀAᵀ`. प्रश्नात हे सिद्ध करायला सांगितलं असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायच्या. डावी बाजू काढून उजवीकडे तेच उतरवलं तर तपासणाऱ्याला पायऱ्या दिसत नाहीत आणि गुण जातात.

> पुढे जाण्याआधी तपासा: दोन 3×3 मॅट्रिक्सचा गुणाकार, वजा आकड्यांसह, सलग तीन वेळा बिनचूक आला का? नसेल तर दुसऱ्या आठवड्याचा एक दिवस उसना घ्या, पण हा टप्पा अर्धवट सोडू नका.

## टप्पा २ (दुसरा आठवडा): डिटर्मिनंट आणि क्रेमर्स रूल

दहावीच्या बीजगणितात दोन चलांची समीकरणं निश्चयकाने सोडवली होती ती आठवत असतील. `D, Dx, Dy` तिथलेच. इथे तिसरं चल वाढलं आणि निश्चयक 3×3 झाला, एवढाच फरक आहे.

पहिले दोन दिवस फक्त विस्तार. आपल्या समीकरणांचा `D` असा:

```
D = |  1   1   1 |
    |  2  -1   1 |
    |  1   2  -1 |

D = 1[(-1)(-1) - (1)(2)] - 1[(2)(-1) - (1)(1)] + 1[(2)(2) - (-1)(1)]
  = 1(-1) - 1(-3) + 1(5)
  = -1 + 3 + 5 = 7
```

पहिल्या ओळीत प्रत्येक आकड्याला कंस आहे, `+1` ला सुद्धा. ही ओळ मुलांना वेळखाऊ वाटते आणि ती गाळून एकदम `-1 + 3 + 5` लिहायचा मोह होतो. मी तपासलेल्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त चुका याच गाळलेल्या ओळीत असतात. शेवटचा कंस बघा: `4 − (−1)` म्हणजे 5, मनात केला की तो सहज 3 होतो. कंसाची ओळ लिहायला वीस सेकंद लागतात, आणि पुढे आकडा चुकला तरी पायरीचे गुण तिच्यामुळे मिळू शकतात.

तिसऱ्या दिवशी शून्य असलेल्या रोने विस्तार करायला शिका, कारण त्यात काम कमी होतं. मात्र दुसऱ्या रोने विस्तार करताना चिन्हं `−, +, −` अशी सुरू होतात. पहिल्या रोची `+, −, +` तिथे चालवली तर उत्तराचा आकडा बरोबर येतो आणि चिन्ह उलटं.

काही जण पहिले दोन कॉलम पुढे लिहून तिरक्या रेषांनी डिटर्मिनंट काढतात. 3×3 साठी ती पद्धत बरोबर आहे, पण सध्या बाजूला ठेवा. पुढच्या आठवड्यात कोफॅक्टर काढताना मायनरचीच सवय लागणार आहे, ती आत्तापासून होऊ दे.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी क्रेमर्स रूल. पायऱ्यांचा क्रम असा ठेवा:

१. समीकरणं नीट मांडा: `x, y, z` याच क्रमाने, एकाखाली एक, आणि स्थिर पद उजवीकडे. पेपरात `x + y = 3, y + z = 5, z + x = 4` अशी समीकरणं येतात. तिसऱ्याची ओळ `1 0 1` अशी होते, `1 1 0` नाही. जे चल नाही तिथे 0 लिहायचाच.

२. `D` काढा. तो 0 आला तर थांबा आणि उतरवलेले आकडे तपासा. आकडे बरोबर असूनही 0 येत असेल तर क्रेमर्स रूल तिथे लागत नाही.

३. `Dx` मध्ये पहिला कॉलम काढून स्थिर पदं, `Dy` मध्ये दुसरा, `Dz` मध्ये तिसरा. प्रत्येक वेळी मूळ `D` वरून उतरवा. `Dx` वरून `Dy` उतरवला की स्थिर पदांचा कॉलम दोनदा येतो आणि उत्तर 0 निघतं.

आपल्या गणितात `Dx = 7, Dy = 14, Dz = 21` यायला हवेत. तिन्हींना 7 ने भागलं की 1, 2, 3.

> तपासा: आलेली उत्तरं तिन्ही समीकरणांत घाला, फक्त पहिल्यात नाही. वरच्या `x + y, y + z, z + x` या गणितात `x` चुकला असला तरी `y + z = 5` हे समीकरण बरोबरच दिसेल, कारण त्यात `x` नाहीच.

## टप्पा ३ (तिसरा आठवडा): कोफॅक्टर, ॲडजॉइंट, इन्व्हर्स

हा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. इथे घाई करू नका.

पहिल्या दिवशी 2×2 चा इन्व्हर्स उरकून टाका: कर्णावरचे दोन आकडे अदलाबदल, उरलेल्या दोघांची चिन्हं उलट, सगळ्याला डिटर्मिनंटने भागा. त्याच दिवशी "`x` ची किंमत काढा म्हणजे मॅट्रिक्स सिंग्युलर होईल" हा २ गुणांचा प्रकार करा. सिंग्युलर म्हणजे डिटर्मिनंट 0, आणि अशा मॅट्रिक्सला इन्व्हर्स नसतो. म्हणूनच इन्व्हर्सच्या प्रत्येक गणितात पहिली ओळ `|A|` काढून तो 0 नाही हे लिहिण्याची.

दुसरा आणि तिसरा दिवस फक्त कोफॅक्टर. ॲडजॉइंटपर्यंत जायचंच नाही. पानाच्या कोपऱ्यात चिन्हांचा तक्ता काढून ठेवा:

```
+  -  +
-  +  -
+  -  +
```

आता आपल्या मॅट्रिक्समधला `C21` बघू. दुसरा रो आणि पहिला कॉलम झाकला की उरतात `1 1` आणि `2 -1`. मायनर झाला `(1)(-1) − (1)(2) = -3`. तक्त्यात त्या जागी `−` आहे, म्हणून `C21 = −(−3) = +3`.

गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीत याच जागी `-3` होतं. मी विचारलं, "अगं, तक्त्यातलं वजा कुठे गेलं?" ती म्हणाली, "मॅडम, वजा आहे ना तिथे." मायनरचं स्वतःचं चिन्ह आणि जागेचं चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण समोर एक वजा दिसल्यावर दुसरं द्यायचं राहून गेलं. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता मुलांना मायनर आणि कोफॅक्टर दोन वेगळ्या ओळींत लिहायला लावते: `M21 = -3`, आणि त्याखाली `C21 = -M21 = 3`.

ही चूक पकडायची सोपी तपासणी आहे. मूळ मॅट्रिक्सचा एक रो घ्या आणि त्याच रोच्या तीन कोफॅक्टरनी गुणून बेरीज करा. प्रत्येक वेळी डिटर्मिनंटच यायला हवा.

```
रो 1:  1(-1) + 1(3) + 1(5)         = 7
रो 2:  2(3) + (-1)(-2) + 1(-1)     = 7
रो 3:  1(2) + 2(1) + (-1)(-3)      = 7
```

त्या मुलीचा `-3` घालून दुसरा रो केला तर -5 येतो, म्हणजे चूक त्याच रोमध्ये आहे हे जागच्या जागी कळतं. एका रोला दहा-पंधरा सेकंद लागतात. नऊ कोफॅक्टर झाल्यावर एकदम नाही, प्रत्येक रो संपला की लगेच करा.

> सावधान: मॅट्रिक्समध्ये कुठे 0 असेल तर त्या जागचा कोफॅक्टर या तपासणीत सुटतो, कारण तो 0 ने गुणला जातो. तिथे तेच तीन कोफॅक्टर दुसऱ्या एखाद्या रोच्या आकड्यांनी गुणा. बेरीज 0 यायला हवी. वर पहिल्या रोचे कोफॅक्टर दुसऱ्या रोने गुणून बघा: `2(-1) + (-1)(3) + 1(5) = 0`. फक्त त्या जागी 0 नसलेला रो निवडा.

चौथ्या दिवशी ॲडजॉइंट. कोफॅक्टरचं मॅट्रिक्स लिहायचं आणि त्याचा ट्रान्सपोज घ्यायचा:

```
कोफॅक्टर:               adj A:
| -1   3   5 |          | -1   3   2 |
|  3  -2  -1 |          |  3  -2   1 |
|  2   1  -3 |          |  5  -1  -3 |
```

दोन्ही मॅट्रिक्स लिहा, कोफॅक्टरचं आधी आणि ॲडजॉइंटचं नंतर. कोफॅक्टर काढता काढता थेट ट्रान्सपोजच्या जागी भरत जाणारे हुशार विद्यार्थीही परीक्षेत गडबडतात, आणि मग नेमकं कोणतं मॅट्रिक्स लिहिलंय ते त्यांनाच सांगता येत नाही.

ट्रान्सपोज राहिला तर वरची रो-तपासणी काही सांगत नाही, कारण कोफॅक्टर बरोबरच असतात. इथे पहिल्या आठवड्याचा गुणाकार कामाला येतो. `A` चा पहिला रो घ्या आणि `adj A` च्या तिन्ही कॉलमनी गुणा: 7, 0, 0 यायला हवेत. ट्रान्सपोज न घेता हेच केलं तर 4, 2, 1 येतात.

> सावधान: सरावासाठी स्वतः मॅट्रिक्स बनवत असाल तर कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखे आकडे येणारं सिमेट्रिक मॅट्रिक्स घेऊ नका. त्याचं कोफॅक्टर मॅट्रिक्स आणि ॲडजॉइंट सारखंच येतं, त्यामुळे ट्रान्सपोज विसरलात तरी उत्तर बरोबर येईल आणि चूक लपून राहील.

पाचव्या दिवशी पूर्ण इन्व्हर्स, दोन गणितं. `A⁻¹` लिहिताना 1/7 बाहेरच ठेवा. तो आत घेऊन नऊ अपूर्णांक लिहिले की पुढच्या गुणाकारात गोंधळ वाढतो.

## टप्पा ४ (चौथा आठवडा): समीकरणं आणि घड्याळ

नवीन असं आता एकच आहे, मॅट्रिक्स इन्व्हर्जन. समीकरणं `AX = B` अशी मांडायची, `A⁻¹` काढायचा, आणि `X = A⁻¹B`. इन्व्हर्स डावीकडेच राहतो. `BA⁻¹` लिहिलं तर ऑर्डरच जुळत नाही: 3×1 आणि 3×3.

```
X = (1/7) | -1   3   2 | | 6 |         |  7 |   | 1 |
          |  3  -2   1 | | 3 | = (1/7) | 14 | = | 2 |
          |  5  -1  -3 | | 2 |         | 21 |   | 3 |
```

ट्रान्सपोज राहिला असता तर याच ठिकाणी 13/7, 10/7, 9/7 आले असते. अपूर्णांक आला म्हणजे उत्तर चूकच असं नाही, पण आला की मागे जाऊन ट्रान्सपोज बघायचा, एवढी सवय लावून घ्या.

पहिले दोन दिवस हीच पद्धत, वेळ न लावता. तिसऱ्या दिवसापासून घड्याळ लावा: क्रेमर्स रूलच्या गणिताला १० मिनिटं, मॅट्रिक्स इन्व्हर्जनला १५, आणि तपासणी त्यातच बसवायची. वेळ पुरत नसेल तर पायऱ्या गाळू नका. वेळ कुठे जातो ते बघा. बहुतेकांचा तो खाडाखोडीत जातो, आणि खाडाखोड कमी होते ती कंसाच्या ओळीने.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चारही पानांवरचे प्रश्न मिसळून सोडवा. कोणती पद्धत वापरायची हे प्रश्न वाचून ठरवता आलं पाहिजे. "मॅट्रिक्स मेथडने" असं म्हटलं असेल आणि तुम्ही क्रेमर्स रूल वापरून बरोबर उत्तर काढलंत, तरी गुण मिळतील असं धरून चालू नका.

प्रोग्रॅमेबल नसलेला कॅल्क्युलेटर परीक्षेत चालतो, पण त्याचा उपयोग फक्त आकडेमोडीपुरता. त्यावर वर्ग काढताना वजा संख्या कंसात घाला: `-3²` टाइप केलं तर बऱ्याच कॅल्क्युलेटरवर -9 दिसतं, `(-3)²` टाइप केलं तर 9. तुमचा स्वतःचा काय दाखवतो ते घरीच बघून ठेवा आणि परीक्षेला तोच न्या.

पाचव्या दिवशी नवीन गणित घेऊ नका. चुकांची वही वाचा, तुमची ठरलेली चूक जिथे होते तेवढीच पायरी तीन-चार वेळा करा, आणि आपलं पहिल्या पानावरचं गणित एकदा क्रेमर्स रूलने आणि एकदा इन्व्हर्जनने कोऱ्या कागदावर सोडवा. सहाव्या दिवशी चाचणीऐवजी जुन्या पेपरातला ६ गुणांचा एक प्रश्न १५ मिनिटांत सोडवून वही मिटा.

परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तरपत्रिका हातात आली की शेवटच्या पानावर "रफ वर्क" असं लिहून चिन्हांचा तक्ता काढून ठेवा. समीकरणं उतरवून झाल्यावर सोडवायला लागण्याआधी प्रश्नपत्रिकेशी एकदा आकडा-आकडा ताडून बघा. तिथे `+2y` चं `-2y` झालं असेल तर क्रेमर्स रूल, कोफॅक्टर, गुणाकार सगळं बिनचूक असूनही उत्तर चुकेल, आणि वरच्या तपासण्यांपैकी एकही ते पकडणार नाही.